‘कष्ट करावे लागले’ : नैराश्याची प्रश्नावली मराठीत आणताना

वीस वाक्यांच्या एका प्रश्नावलीचा मराठी मसुदा वापरण्याजोगा व्हायला आम्हाला जूनच्या पहिल्या आठवड्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत वेळ लागला. खर्च २४,४०० रुपये. सुरुवातीला वाटलं होतं, वीस वाक्यं तर आहेत, महिनाभरात उरकेल. हे काम हाती घेणाऱ्यांना कुठं किती वेळ जातो आणि कुठं फसायला होतं याचा अंदाज यावा म्हणून घडलं तसं लिहून ठेवतो.

प्रश्नावली म्हणजे सीईएस-डी. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ती तयार झाली आणि लेनोर रॅडलॉफ यांनी १९७७ साली प्रसिद्ध केली. गेल्या आठवड्यात मनाची आणि शरीराची अवस्था कशी होती याबद्दलची वीस वाक्यं असतात. प्रत्येक वाक्य किती दिवस लागू होतं त्यावर ० ते ३ गुण, एकूण बेरीज ० ते ६०. मूळ इंग्रजीत १६ किंवा त्याहून जास्त गुण आले की त्या माणसाला पुढच्या तपासणीला पाठवायचं. ही नुसती चाळणी आहे, निदान नव्हे.

पहिला सल्ला इथंच देतो: आधी शोधा. पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीचं मराठी रूप तयार आहे आणि ते फुकट मिळतं. त्यावर काम भागत असेल तर नव्या भाषांतराच्या फंदात पडू नये. आम्हाला जुन्या माहितीशी तुलना करायची होती म्हणून सीईएस-डीच हवी होती. तिला परवानगी किंवा शुल्क लागत नाही, ही मोठी सोय. एका ओळखीच्यांकडून तिचा टाइप केलेला मराठी मसुदा मिळालाही होता, पण तो कुणी केला, कसा केला, कुणावर तपासला याची एक ओळही सोबत नव्हती. असा मसुदा वापरता येत नाही, कारण त्यातलं एखादं वाक्य चुकलंय का हे ठरवायला काही आधारच नसतो.

जून : फाइल आणि पहिली दोन भाषांतरं

संशोधनाला मंजुरी देणाऱ्या आचारसमितीकडे फाइल दिली ती जूनच्या पहिल्या आठवड्यात. शुल्क ३,००० रुपये. संशोधनाचा आराखडा, सहभागींसाठीचं माहितीपत्रक, संमतीपत्र, आणि या दोन्हींचं इंग्रजी रूप. समितीची बैठक दर महिन्याला असेलच असं नाही, त्यामुळे तारीख आधी विचारून मग फाइल द्यावी. भाषांतरकारांचं काम सहभागी माणसांवर नसतं. म्हणून मंजुरीची वाट बघत न बसता ते सुरू केलं आणि त्यात जवळजवळ दोन महिने वाचले. प्रत्यक्ष लोकांना प्रश्न विचारणं मात्र मंजुरीआधी अजिबात करायचं नाही, घरच्यांनासुद्धा नाही.

पद्धत आम्ही बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडली तीच धरली. इंग्रजीतून मराठीत दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं. त्यातल्या एकाला विषय माहीत असावा, दुसऱ्याला नसावा. मग दोन्हींतून एक मसुदा बांधायचा. तो मसुदा ज्यांनी मूळ पाहिलेलं नाही अशा दोघांनी परत इंग्रजीत आणायचा. नंतर समिती बसते आणि शेवटी ३० ते ४० माणसांवर चाचणी होते.

आमचे पहिले भाषांतरकार मानसशास्त्र शिकवणारे, दुसऱ्या बँकेत नोकरी करून हौसेनं भाषांतर करणाऱ्या. प्रत्येकी २,५०० रुपये. दोघांना एकच सूचना लिहून दिली होती: सातवी शिकलेल्या माणसाला ऐकून कळेल असं हवं. तरी पहिल्या भाषांतरात ‘नैराश्य’, ‘खिन्नता’, ‘भूक मंदावणे’ असं सगळं आलंच. विषय माहीत असलेल्या माणसाला विषयाचे शब्द सोडवत नाहीत. दुसऱ्या बाईंचं भाषांतर बोलीच्या जवळचं होतं, पण काही ठिकाणी अर्थ थोडा सरकला होता. म्हणूनच दोघं लागतात. दोन्ही शेजारी ठेवली की जिथं शब्द वेगळे पडलेत तिथंच अडचण आहे हे लगेच दिसतं. वीसपैकी अकरा वाक्यांत त्यांचं जमलं नव्हतं.

जुलै : तीन इंग्रजी शब्द आणि एक ‘उदास’

दोन्ही भाषांतरांतून एक मसुदा बांधायला तीन बैठका लागल्या. सगळ्यात जास्त वेळ तिसऱ्या, सहाव्या आणि अठराव्या वाक्यानं खाल्ला. तिसऱ्यात ‘ब्लूज’ आहे, घरच्यांनी आणि मित्रांनी मदत करूनही ते झटकता आले नाहीत असं. सहाव्यात ‘डिप्रेस्ड’, अठराव्यात ‘सॅड’. दोन्ही भाषांतरांत तिन्ही ठिकाणी ‘उदास’ आलं होतं. म्हणजे एकच प्रश्न तीनदा. असं झालं की ऐकणारा वैतागतो आणि एकाच गोष्टीचे गुण तीनदा मोजले जातात.

तिसऱ्या वाक्यासाठी दुसऱ्या बाईंनी ‘मनावरचं मळभ’ सुचवलं होतं. वाचायला छान. पुढे चाचणीत पहिल्याच आजींनी विचारलं, “मळभ म्हंजे आभाळ आल्यालं न्हवं?” आणि ते तिथंच गेलं. शेवटी तिसरं वाक्य झालं: ‘घरच्यांनी, जवळच्यांनी समजूत काढली तरी मनाची उदासी गेली नाही.’ सहाव्याला ‘मन खचलेलं होतं’. ‘निराश’ हा शब्द मुद्दाम टाळला, कारण तो परीक्षेत नापास झालेल्या पोराला किंवा ऊसदर पडलेल्या शेतकऱ्यालाही लागतो. तिथं एखादी अपेक्षा मोडलेली असते. ‘डिप्रेशन’ही नको, कारण ते आता दोन तास लाइट गेली तरी लोकांना येतं. ‘खचणं’ मात्र सगळ्यांना कळतं. आमच्याकडे पावसाळ्यात रस्ते खचतात, विहिरी खचतात, शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अठराव्याला आधी ‘वाईट वाटलं’ ठेवलं होतं. त्यावर लोक लगेच विचारायचे, “कशाचं वाईट?” मराठीत वाईट वाटायला काहीतरी घडावं लागतं. मग ‘मन दुःखी होतं’ केलं.

‘करमत नाही’ हा शब्द घालायचा मोह सगळ्यांनाच होतो, आम्हालाही झाला. इतका आपला शब्द. पण लेक सासरी गेली, पोरगं पुण्याला गेलं, तरी करमत नाही. चौदाव्या वाक्यात एकटेपणाचा प्रश्न आहेच, त्यात तो मिसळला असता.

दुसरी अडचण व्याकरणाची. इंग्रजीत ‘आय टॉक्ड लेस’ म्हटलं की बाई आणि पुरुष दोघांना चालतं. मराठीत ‘मी कमी बोललो’ की ‘बोलले’? तिरकी रेघ मारून दोन्ही छापलं तर वाचून दाखवणारा अडखळतो. बायकांची आणि पुरुषांची प्रत वेगळी काढली तर चुकीची प्रत हातात येण्याचा धोका राहतो. आम्ही सगळी वाक्यं कर्ता बाजूला ठेवून बांधली. ‘माझं बोलणं नेहमीपेक्षा कमी झालं.’ ‘रडू येत राहिलं.’ ‘एकटं वाटलं.’ विसावं वाक्य, म्हणजे काही सुरूच करता न येणं, त्याचं पहिलं भाषांतर ‘मी पुढे जाऊ शकलो नाही’ असं होतं. त्यात लिंगही होतं आणि अर्थही चुकीचा. एसटी अडकल्यासारखं वाटत होतं ते. ‘कामाला हात लावायला उठवतच नव्हतं’ हे सुचल्यावर दोन्ही प्रश्न एकदम सुटले. ‘उठवत नाही’, ‘करवत नाही’, ‘बघवत नाही’ ही रूपं अशा कामात फार उपयोगी पडतात, कारण त्यांना बाई-पुरुष काही नसतं आणि अंगातून न होण्याचा अर्थ आयता येतो.

‘वाटले’ की ‘वाटलं’ यावरही एक तास गेला. प्रश्नावली वाचून दाखवायची होती म्हणून ‘वाटलं’ ठेवलं. ‘लय’, ‘न्हाई’ असं कोल्हापुरी मात्र छापलं नाही. विचारणारा बोलताना ते बोलेल, पण कागद पुढे सांगली-साताऱ्यालाही चालायला हवा.

ऑगस्ट : उलट भाषांतरातली चोरी

जुलैच्या शेवटी पंचगंगेला पाणी आलं आणि आचारसमितीची बैठक पंधरा दिवस पुढे गेली. या वेळात मसुदा उलट भाषांतराला दिला.

नियम असा की उलट भाषांतर करणाऱ्याची पहिली भाषा इंग्रजी असावी आणि त्यानं मूळ पाहिलेलं नसावं. कोल्हापुरात मराठी उत्तम येणारा आणि इंग्रजी मायबोली असलेला माणूस कुठून आणायचा? परदेशात शाळा-कॉलेज झालेल्या, आता इथं राहणाऱ्या एक बाई मिळाल्या. दुसरे गृहस्थ आयुष्यभर इंग्रजी शिकवलेले. ही तडजोड होती, आणि अहवालात ती तशीच लिहिली.

दुसरं उलट भाषांतर दोन दिवसांत आलं. वाचून आधी आनंद झाला, कारण ते मूळ इंग्रजीशी जवळजवळ तंतोतंत जुळत होतं. मग तिसऱ्या वाक्यावर नजर थांबली. तिथं ‘शेक ऑफ द ब्लूज’ असंच आलं होतं. आमच्या त्या वेळच्या मसुद्यात होतं ‘समजूत काढली तरी मनावरचं मळभ गेलं नाही’. ‘मळभ गेलं नाही’ यातून ‘ब्लूज’ निघेल कसा, आणि ‘झटकणं’ तर मराठीत नव्हतंच. सरांनी मूळ प्रश्नावली नेटवर शोधून काढली होती. हेतू चांगला होता, भाषांतर अचूक व्हावं म्हणून. पण उलट भाषांतराचा उपयोगच हा की मराठीत जे खरंच लिहिलंय तेवढंच परत यावं. मूळ बघून केलेलं उलट भाषांतर म्हणजे उत्तरं बघून सोडवलेला पेपर.

ते बाजूला ठेवलं, मानधन दिलं, आणि तिसऱ्या व्यक्तीकडून नव्यानं करून घेतलं. २,५०० रुपये आणि तीन आठवडे वाढले. तेव्हापासून भाषांतरकाराला प्रश्नावलीचं नाव सांगत नाही, वाक्यांचा क्रम बदलून देतो, आणि मूळ शोधू नका असं कागदावर लिहून देतो. उलट भाषांतर संशयास्पद आहे का हे ओळखायची खूणही सोपी आहे: मराठीत नसलेला एखादा शब्द इंग्रजीत परतला तर तो कुठून आला ते विचारायचं.

याच्या उलटही होतं. खऱ्या उलट भाषांतरात ‘मन खचलेलं होतं’ याचं ‘डिमॉरलाइज्ड’ झालं. मूळ ‘डिप्रेस्ड’शी ते शब्दानं जुळत नाही. पण अर्थाची जागा तीच आहे, म्हणून समितीनं ते ठेवलं. सगळी वाक्यं शब्दाला शब्द जुळवत गेलं तर मराठी मोडते.

सप्टेंबर : समिती आणि मंजुरी

आचारसमितीनं दोन शंका काढून फाइल परत पाठवली. एक, माहितीपत्रकावर ठळक अक्षरात ‘नैराश्य’ आहे, त्यानं लोक बिचकतील. ते बदलून ‘मनाच्या तब्येतीबद्दलची प्रश्नावली’ केलं आणि आत कशासाठी आहे ते स्पष्ट लिहिलं. दुसरी शंका जास्त महत्त्वाची होती. सीईएस-डीमध्ये आत्महत्येच्या विचाराबद्दल एकही वाक्य नाही. म्हणून आम्ही त्याबद्दल काही लिहिलंच नव्हतं. पण ‘आयुष्य वाया गेलं’ आणि ‘रडू येत राहिलं’ ही वाक्यं विचारल्यावर कुणी स्वतःहून बोललं तर काय करायचं? त्यावर अर्धं पान लिहून दिलं: विचारणाऱ्यानं प्रश्नावली थांबवायची, सरळ शब्दांत विचारायचं, त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, गटातल्या मानसोपचारतज्ज्ञांना त्याच दिवशी फोन करायचा. शिवाय प्रत्येकाच्या हातात टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकाचं कार्ड द्यायचं, उत्तरं काहीही असोत. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मंजुरी आली. पुढे चाचणीत त्या अर्ध्या पानाची दोनदा गरज पडली.

तज्ज्ञ समितीत मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक, मराठीच्या प्राध्यापिका, आकडेवारी बघणारे एक जण, भाषांतरकार, आणि करवीर तालुक्यातल्या एक आशाताई. शेवटच्या नावावर आधी एक-दोघांच्या भुवया उंचावल्या होत्या. बैठकीत सगळ्यात जास्त बदल त्यांच्यामुळे झाले. “हे मला कळतंय, पण मी ज्यांना विचारणार त्यांना कळायचं न्हाई,” एवढंच त्या म्हणायच्या आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघायचं.

बैठकीसाठी एक निर्णयवही करावी. साध्या एक्सेलमध्ये प्रत्येक वाक्याला एक ओळ: मूळ, दोन्ही भाषांतरं, बांधलेला मसुदा, दोन्ही उलट भाषांतरं, समितीचा निर्णय आणि त्याचं कारण. कारणाचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण तीन महिन्यांनी ‘हे असं का केलं होतं?’ असं कुणी विचारलं की तोच कामी येतो.

ऑक्टोबर : कष्ट

पहिली फेरी आधी नवरात्रात ठेवली होती. आशाताईंनी हसून विचारलं, “नऊ दिवसांच्या उपासात भूक लागत न्हाई का म्हणून विचारणार?” कोल्हापुरात अंबाबाईचं नवरात्र, गावंच्या गावं उपवासाला. दुसरं वाक्य खाण्याच्या इच्छेबद्दल आहे. फेरी दसऱ्यानंतर ढकलली.

पहिल्या फेरीत बाराजण घेतले, वय आणि शिक्षण मिसळून, निम्मे शहरातले, निम्मे कागल आणि करवीर तालुक्यांतल्या गावांतले. वेळ सकाळी दहानंतरची. त्याआधी गेलं तर डेअरीला दूध घालायची घाई असते आणि माणूस ‘होय होय’ करत सुटतो. प्रत्येकाला वेळेचे १०० रुपये. या फेरीत गुण बघायचे नसतात. प्रत्येक वाक्यानंतर विचारायचं असतं: यात काय विचारलंय ते तुमच्या शब्दांत सांगा, आणि उत्तर देताना मनात काय आलं.

सातवं वाक्य इंग्रजीत असं की मी जे काही केलं त्याला ‘एफर्ट’ लागला. आमच्या मसुद्यात होतं: ‘प्रत्येक कामाला कष्ट करावे लागले.’ दोन्ही उलट भाषांतरांत ‘एफर्ट’ परत आला होता. समितीनं दोन मिनिटांत पास केलेलं हे एकमेव अवघड वाक्य.

कागल तालुक्यातल्या एका गावात साठीच्या एक बाई. गोठ्यासमोरच्या ओट्यावर बसून बोलत होतो.

“प्रत्येक कामाला कष्ट करावे लागले. गेल्या सात दिवसांत किती दिवस, मावशी?”

“सातीच्या साती दिवस.”

“हे ऐकल्यावर तुमच्या मनात काय आलं?”

“काय यायचं? कष्ट केल्याबिगर कुणाचं भागलंय? म्हस हाय, शेत हाय. कष्ट न्हाई केलं तर खायचं काय?”

“मग ते कष्ट जड गेले का?”

“जड कशानं? सवय हाय की.”

तीन गुण. आणि बाई ठणठणीत. त्या दिवशी गावातल्या सहाजणांपैकी पाचजणांनी सातवं वाक्य असंच उचललं. शहरातल्या नोकरदारांनी मात्र ते बरोबर अर्थानं घेतलं. इंग्रजीतला ‘एफर्ट’ म्हणजे एरवी सहज होणारं काम ओढून करावं लागणं. आपल्याकडे ‘कष्ट’ ही सांगायची, मिरवायची गोष्ट आहे. एखाद्याला कष्टाळू म्हटलं की तो मान. त्यामुळे हे वाक्य उदास माणसाला पकडण्याऐवजी शेतकऱ्याला पकडत होतं. एका वाक्याचे ३ गुण ६० पैकी थोडे वाटतात, पण १६ च्या सीमारेषेवर तेवढ्यानं माणूस इकडचा तिकडे होतो, आणि तो नेहमी एकाच बाजूला ढकलला जातो: शेतावर राबणाऱ्यांचे गुण फुगतात. मग गावात नैराश्य जास्त असा निष्कर्ष निघाला असता, आणि तो निघाला असता एका शब्दामुळे.

उलट भाषांतरानं हे पकडलं नाही, आणि ते पकडूही शकत नाही. ‘कष्ट’ला ‘एफर्ट’ हा प्रतिशब्द चुकीचा नाहीच. दोन इंग्रजी जाणणाऱ्यांमध्ये शब्द बरोबर जातो-येतो. तो ज्याच्यासाठी आहे त्याच्या मनात काय होतं हे फक्त त्यालाच विचारून कळतं. वेळ आणि पैसे कमी असतील तर आम्ही म्हणू, उलट भाषांतर एकच करा पण या बैठका कमी करू नका. पद्धतीच्या पुस्तकाला हे रुचणार नाही.

नवं वाक्य झालं: ‘नेहमीची साधी कामंसुद्धा जड वाटली.’ ‘नेहमीची’ आणि ‘साधी’ हे दोन शब्द मुद्दाम घातले, म्हणजे नांगरट-तोडणी बाजूला राहते. बदललेलं वाक्य पुन्हा उलट भाषांतराला पाठवलं. हे लोक विसरतात. चाचणीनंतर बदललेलं प्रत्येक वाक्य त्या वळणावरून परत गेलं पाहिजे.

अकराव्या वाक्यात, झोपेबद्दलच्या, असाच प्रकार. ‘झोप नीट झाली नाही’ म्हटल्यावर एक शेतकरी म्हणाले, “रातची लाइट हाय आमच्यात, पाणी पाजायला जातोय, झोप कुठली?” त्या आठवड्यात मोटारीची वीज रात्रीची होती. ते वाक्य ‘अंथरुणावर पडल्यावरही शांत झोप लागली नाही’ असं केलं. मूळ वाक्यात ‘पडल्यावरही’ नाही म्हणून आकडेवारीवाल्यांनी हरकत घेतली. ती नोंदवली आणि वाक्य ठेवलं.

चौथं वाक्य अजूनही आमच्या मनासारखं झालेलं नाही. इतर लोकांइतकंच चांगलं वाटणं, हे ते वाक्य. ‘आपण इतरांइतकेच चांगले आहोत असं वाटलं’ यावर बायका लाजल्या, “आपल्या तोंडानं कसं सांगायचं?” ‘इतरांच्या बरोबरीचे’ केलं तर एकांनी एकरांचा हिशोब मांडला, भावकीची आठ एकर आणि त्यांची दोन. ‘इतरांपेक्षा कमी नाही असं वाटलं’ यात नकार आल्यामुळे उत्तर देताना गोंधळ उडाला, ‘एकही दिवस नाही’ म्हणजे नक्की काय ते सांगणाऱ्यालाच कळेना. शेवटी ‘माणूस म्हणून आपली किंमत इतरांइतकीच आहे असं वाटलं’ यावर थांबलो. चौथं, आठवं, बारावं आणि सोळावं ही चार वाक्यं चांगल्या भावनांची असतात आणि त्यांचे गुण उलटे मोजायचे असतात. अशा वाक्यांना संकोचानं कमी होकार मिळतो हे जपानमधल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. निरोगी माणूसही लाजून ‘नाही’ म्हणाला की त्याचे गुण वाढतात. ही चार वाक्यं वेगळी बघावीत अशी टीप आम्ही प्रश्नावलीलाच जोडली आहे.

नोव्हेंबर : चिंचोके

दुसरी फेरी दिवाळीनंतर, तीसजणांची. यात प्रश्नावली खरी वापरायची तशी वापरून बघायची होती.

त्याआधी उत्तरांच्या पर्यायांचं काम उरलं होतं. इंग्रजीत पर्यायांना शब्दही आहेत आणि दिवसही. आम्ही ‘अधूनमधून’ आणि ‘कधीकधी’ हे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून पहिल्या फेरीतल्यांना कमी-जास्त लावायला सांगितलं होतं. निम्म्यांनी एक क्रम लावला, निम्म्यांनी दुसरा. म्हणून शब्द मागे टाकले आणि दिवस पुढे आणले: एक-दोन दिवस, तीन-चार दिवस, पाच ते सात दिवस. ‘एका दिवसापेक्षा कमी’ हा पहिला पर्याय लोकांना कोड्यासारखा वाटायचा. तो ‘अजिबात नाही, किंवा एक दिवसही पुरता नाही’ असा झाला. ‘गेल्या आठवड्यात’ म्हटलं की काहीजण मागचा सोमवार ते रविवार धरतात, म्हणून विचारणाऱ्यानं वार सांगायचा: ‘गेल्या बुधवारपासून आजपर्यंत’.

आणि सात चिंचोके. समोर सात चिंचोके ठेवायचे, एक चिंचोका म्हणजे एक दिवस, किती दिवस तसं झालं तेवढे बाजूला करायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना हे पर्याय वाचून दाखवण्यापेक्षा खूप सोपं गेलं, आणि ‘होय होय’ म्हणणं जवळपास थांबलं. पण चिंचोके एकानं वापरले आणि दुसऱ्यानं नाही असं चालत नाही. ते सूचनापत्रकात घातले, सगळ्यांसाठी.

या फेरीत एक हलगर्जी झाली. पहिल्या दिवशी नेलेल्या प्रती जुन्या मसुद्याच्या निघाल्या, सातव्या वाक्यात ‘कष्ट’ होतेच. चारजणांच्या मुलाखती बाद करून बदली चारजण शोधावे लागले. झेरॉक्सवाल्याकडे पेन ड्राइव्हवर `CESD_mr_v2` आणि `CESD_mr_v3` दोन्ही होत्या. तेव्हापासून मसुदा क्रमांक आणि तारीख प्रत्येक पानाच्या तळाशी छापतो आणि जुनी फाइल पेन ड्राइव्हवर ठेवतच नाही.

वाचून दाखवून, चिंचोक्यांसह, एका माणसाला १२ ते १५ मिनिटं लागली. ऊसतोड सुरू झाल्यामुळे गावात पुरुष दिवसा भेटेनात, त्यांच्यासाठी संध्याकाळी साडेसातनंतर जावं लागलं. तीसजणांच्या उत्तरांत आम्ही दोनच गोष्टी बघितल्या: कुठलं वाक्य लोक सोडून देतात, आणि कुठल्या वाक्याला जवळपास सगळे एकच उत्तर देतात. सातव्याचे गुण आता शेतकऱ्यांत आणि नोकरदारांत सारखे पसरले होते. वाक्यं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा सुसंगततेचा अल्फा काढायचा आग्रह झाला होता, तो काढला नाही. तीसजणांवर तो आकडा आज एक तर उद्या वेगळा येतो.

डिसेंबर

हिशोब असा: भाषांतरकारांचं मानधन पाचजणांचं १२,५००, आचारसमिती ३,०००, सहभागींना ४,२००, एसटी आणि पेट्रोल ३,६००, छपाई १,१००. बाद झालेल्या चौघांचे १०० रुपये आम्ही आपल्या खिशातून दिले, ते यात धरलेले नाहीत. तज्ज्ञ समितीतल्या कुणीही मानधन घेतलं नाही, आशाताईंनीसुद्धा. पण पुढच्या वेळी त्यांच्यासाठी रक्कम आधीच अंदाजपत्रकात धरू, कारण त्यांचा प्रत्येक दिवस हजेरीवर चालतो.

अंतिम मसुदा, निर्णयवही आणि सूचनापत्रक एकत्र बांधून ठेवलंय. पहिल्या पानावर चौकटीत छापलंय की १६ हा आकडा मूळ इंग्रजीचा आहे, या मराठी रूपासाठी तो तपासलेला नाही. ते करायचं तर बऱ्याच जास्त माणसांना ही प्रश्नावली देऊन त्याच माणसांची मानसोपचारतज्ज्ञांनी स्वतंत्र मुलाखत घ्यावी लागते आणि मग कुठल्या आकड्यावर चाळणी बरोबर बसते ते बघावं लागतं. त्याची फाइल जानेवारीत समितीकडे जाईल. दरम्यान एका कॉलेजातून व्हॉट्सअपवर प्रश्नावली मागवली आहे, फक्त ‘पहिलं पान सोडून वीस वाक्यांचं पान तेवढं पाठवा’ असं. पाठवलेलं नाही.